पाच स्टारना उत्तर काय द्यायचं?

कॅफेबद्दल कुणी वाईट लिहिलं की मालकाची झोप उडते. तो चार जणांना दाखवतो, उत्तर दोनतीनदा खोडतो आणि मग कुठे पाठवतो. तेच कुणी भरभरून चांगलं लिहिलं, की ‘धन्यवाद, पुन्हा या’ असं टाकून तो दुसऱ्या कामाला लागतो. तक्रारीला उत्तर कसं द्यावं यावर हॉटेल व्यवसायात बरंच बोललं जातं, कौतुकाला उत्तर कसं द्यावं यावर जवळजवळ काहीच नाही. माझ्या मते दुसरं काम जास्त अवघड आहे. तक्रार आली की काय बोलायचं हे तक्रारच सांगते. कौतुकात तसं काही हाताशी नसतं, आणि माणूस एकतर ठराविक वाक्यं लिहितो किंवा स्वतःचीच आरती ओवाळायला लागतो.

आधी हे उत्तर वाचतं कोण ते बघू. गूगल मॅप्सवर एखाद्या कॅफेचं पान उघडलं की ग्राहकांचे रिव्ह्यू एकाखाली एक दिसतात आणि प्रत्येकाखाली, दिलं असेल तर, मालकाचं उत्तर. उत्तर आलं की रिव्ह्यू लिहिणाऱ्याला तशी सूचना जाते. तो ते एकदा वाचतो, बहुधा खूश होतो आणि विसरून जातो. पण तेच उत्तर पुढे कित्येक महिने वेगळीच माणसं वाचत राहतात. रविवारी आईला घेऊन कुठे जावं, चार जणांना बसायला जागा मिळेल का, लॅपटॉप उघडून तासभर बसलं तर चालेल का, अशा प्रश्नांसाठी ती त्या पानावर आलेली असतात. मालक बोलतो एकाशी आणि ऐकतात हे सगळे. लग्नात व्याह्यांशी बोलताना मांडवभर पाहुणे ऐकत असतात, तसाच हा प्रकार. तिथे आपण जे भान ठेवतो तेच इथे ठेवावं लागतं.

हे भान सुटलं की उत्तरं कशी होतात ते कुठल्याही शहरातल्या दहा कॅफेंची पानं चाळली की दिसतं. सर्वांत जास्त आढळतं ते छापील उत्तर: ‘आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय. पुन्हा सेवेची संधी द्यावी.’ एकटं वाचलं तर त्यात वावगं काही नाही. पण पान खाली सरकवत गेलं की हेच वाक्य बाराव्या, तेराव्या, चौदाव्या रिव्ह्यूखाली जसंच्या तसं भेटतं. एकाने कॉफीबद्दल लिहिलेलं असतं, दुसऱ्याने वाढदिवसाबद्दल, तिसऱ्याने विसरलेली छत्री परत मिळाल्याबद्दल, आणि तिघांनाही तेच ध्येय ऐकवलेलं असतं. छत्री परत मिळालेल्या माणसाला नक्कीच कळतं की आपलं लिहिलेलं कुणी वाचलंच नाही.

दुसरा प्रकार जाहिरातीचा. ‘धन्यवाद! कोथरूडमधील सर्वोत्तम कॅफे, कोथरूडमधील सर्वोत्तम कॉफी म्हणून आम्ही ओळखले जातो. आमची नवीन शाखा लवकरच बाणेरमध्ये. हा रिव्ह्यू दाखवा आणि 10 टक्के सवलत मिळवा.’ शोधात वर यावं म्हणून उत्तरात परिसराचं आणि पदार्थाचं नाव पुन्हा पुन्हा पेरा, असा सल्ला देणारे अनेक आहेत. त्यातून हे येतं. सवलतीची ओळ तर थेट नुकसान करते. रिव्ह्यूच्या बदल्यात पैसे, सूट किंवा फुकट वस्तू देणं गूगलच्या नियमांना धरून नाही. मालकाचा हेतू फक्त आभाराचा असला, तरी वाचणाऱ्याच्या मनात शंका येतेच की इथली पाच स्टारची रांग सवलतीने उभी राहिली आहे.

या बाबतीत एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रवास आणि हॉटेलांच्या संकेतस्थळांवर व्यवस्थापकांनी दिलेल्या उत्तरांचा पुढच्या रिव्ह्यूंवर काय परिणाम होतो, हे वांग आणि चौधरी या दोन संशोधकांनी तपासलं आणि 2018 मध्ये प्रसिद्ध केलं. नाराज ग्राहकांना दिलेली उत्तरं इतरांना दिसत असतील, तर नंतर येणाऱ्यांचे गुण थोडे सुधारतात. खूश ग्राहकांना दिलेल्या उत्तरांचा परिणाम मात्र उलटा आढळला, नंतरचे गुण किंचित घसरतात. त्याच्या आदल्या वर्षी प्रोसर्पिओ आणि झर्वास यांनी ट्रिपअॅडव्हायझरवरच्या हॉटेलांचा अभ्यास केला होता. हॉटेलांनी उत्तरं द्यायला सुरुवात केल्यावर त्यांचे रिव्ह्यू सुमारे 12 टक्क्यांनी वाढले आणि सरासरी गुण 0.12 स्टारने वर गेले, असं त्यांना दिसलं. म्हणजे उत्तर देणं एकंदरीत फायद्याचं, पण कौतुकाखालची उत्तरं त्या फायद्याला हातभार लावतीलच असं नाही. तक्रारीला उत्तर देणारा मालक काम करताना दिसतो. कौतुकाला उत्तर देणारा मालक, विशेषतः तो तेच कौतुक पुन्हा उच्चारत असेल तर, माल विकताना दिसतो. हे अभ्यास हॉटेलांचे आहेत, सहा टेबलांच्या कॅफेला ते आकडे जसेच्या तसे लावू नयेत. तरी वाचणाऱ्याचं मन कुठे खट्टू होतं ते त्यातून नीट कळतं.

आता एक उदाहरण तपशिलात घेऊ. पुण्यात कोथरूडच्या एका आतल्या गल्लीत माझ्या ओळखीच्या एक बाई कॅफे चालवतात. बँकेतली नोकरी सोडून त्यांनी हे सुरू केलं. सहा टेबलं, एक काउंटर, पितळेच्या फिल्टरमधली कॉफी, थोडे सँडविच आणि शनिवार-रविवारी आल्याचा केक. इमारत जुनी आहे आणि रस्त्यावरून आत यायला दोन पायऱ्या चढाव्या लागतात. त्यांना एका ग्राहक बाईंकडून हा रिव्ह्यू आला. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत:

‘बाबांना घेऊन शनिवारी दुपारी गेलो होतो. इतकी दाट आणि खमंग फिल्टर कॉफी पुण्यात दुसरीकडे कुठेच प्यायले नाही. चिकोरी वगैरे भानगड नाही, शुद्ध कॉफी! आल्याचा केक अप्रतिम, बाबांनी दुसरा तुकडा मागून घेतला. दाराशी दोन पायऱ्या आहेत त्या बाबांना जरा जड गेल्या, पण काउंटरवरच्या मुलाने न सांगता येऊन हात दिला आणि पंख्याखालचं टेबल मोकळं करून दिलं. समोरच्या मोठ्या कॅफेत दुप्पट पैसे मोजूनही असं कुणी विचारत नाही. पाच स्टार कमीच आहेत.’

कुठल्याही मालकाला दिवसभर पुरेल असा हा मजकूर. कॅफेच्या बाईंनी त्याच रात्री उत्तर लिहिलं, पण पाठवण्याआधी मला दाखवलं:

‘खूप खूप धन्यवाद ताई! तुमच्यासारख्या रसिक ग्राहकांमुळेच आम्ही इथवर पोहोचलो. आमची कॉफी पुण्यात सर्वोत्तम आहे असं अनेक जण सांगतात, कारण आम्ही दर्जाशी कधीच तडजोड करत नाही. काकांची तब्येत आता कशी आहे? गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच बाहेर पडले होते ना, बघून छान वाटलं. आम्ही लवकरच रॅम्प करणार आहोत. पुढच्या वेळी या, कॉफी आमच्याकडून!’

हे उत्तर मनापासून लिहिलेलं आहे, त्यातला आनंद खरा आहे. तरीही ते पाठवू नये असं मला वाटलं आणि त्यांनाही थोड्या वेळाने ते पटलं. त्यातलं सर्वांत प्रेमळ वाक्यच सर्वांत धोक्याचं होतं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ही गोष्ट ग्राहक बाईंनी रिव्ह्यूत लिहिलेलीच नव्हती. काउंटरवर बोलता बोलता त्यांनी ती सांगितली होती. समोरासमोर झालेलं बोलणं मालकाने सगळ्यांना दिसेल अशा जागी मांडणं म्हणजे दुसऱ्याच्या घरातली गोष्ट चौकात सांगणं. बाईंचं नाव रिव्ह्यूवर आहे, कदाचित फोटोही आहे. त्यांचे शेजारी, नातेवाईक, ऑफिसमधली माणसं ते वाचू शकतात. ग्राहकाने स्वतः जेवढं उघड केलं आहे त्याच्या पलीकडे एक अक्षरही जायचं नाही, ही माझ्या दृष्टीने या कामातली पहिली अट आहे. ‘गेल्या वेळी तुमच्याबरोबर आलेले मित्र’, ‘नेहमीप्रमाणे रात्री दहाला’ अशी साधी वाटणारी वाक्यंसुद्धा याच कारणासाठी टाळावीत. कोण कधी कुणाबरोबर येतं हे ग्राहकाला सांगायचं असेल तर ते तोच सांगेल.

मग रॅम्प. इमारत सोसायटीची, पायऱ्या सामाईक जागेत, आणि परवानगीचा अर्ज अजून सोसायटीच्या बैठकीतही आलेला नव्हता. ‘लवकरच’ हा शब्द त्या रात्रीच्या उत्साहातून आला होता. एखादे आजोबा ते वाचून चार महिन्यांनी चाकाच्या खुर्चीतून आले आणि समोर त्याच दोन पायऱ्या दिसल्या, तर त्यांची फसवणूक होईल. जे काम आज झालेलं नाही किंवा ज्याची तारीख ठरलेली नाही, ते उत्तरात येता कामा नये. मी त्यांना विचारलं, की रॅम्प होईपर्यंत अशा माणसाने आत कसं यायचं? त्या म्हणाल्या, “अहो, मागच्या पार्किंगमधून सरळ येता येतं की. सामान तिथूनच आणतो आम्ही. एकही पायरी नाही.” ही माहिती त्यांच्या पानावर कुठेच नव्हती आणि उत्तराच्या मसुद्यातही नव्हती. माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच होती.

फुकट कॉफीचं आमंत्रण काढून टाकायला फार चर्चा लागली नाही. पुढच्या वेळी बाई आल्या तर काउंटरवर कॉफी देऊन पैसे नाकारता येतात. ते लिहून दाखवायची गरज नाही.

राहिली चिकोरी. इथे आमचं बोलणं लांबलं, आणि लांबण्यासारखंच ते होतं.

चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ. ते वाळवून, भाजून, दळतात. त्यात कॅफिन नसतं. दक्षिणेकडच्या फिल्टर कॉफीत ती थोड्या प्रमाणात घालायची जुनी पद्धत आहे. तिच्यामुळे डिकॉक्शनला गडद रंग येतो, दाटपणा येतो आणि दूध घातल्यावरही कॉफी पुचकट लागत नाही. भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असावी लागते आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. त्यामुळे चिकोरी असणं म्हणजे भेसळ असं नव्हे, तिची माहिती लपवणं ही भेसळ. शंका असेल तर घरीही बघता येतं: ग्लासभर पाण्यावर चिमूटभर पावडर टाकली की कॉफी वर तरंगते आणि चिकोरी काही सेकंदांत खाली बसायला लागते, जाताना पाण्यात तपकिरी रेघ सोडते.

या कॅफेतल्या पावडरीत 15 टक्के चिकोरी असते. म्हणजे ग्राहक बाईंना जो दाटपणा इतका आवडला, त्यात त्याच चिकोरीचा हात होता आणि बाईंनी लिहिलं होतं की चिकोरीची भानगड नाही. कॅफेवाल्या बाईंपुढचा पेच खरा होता. गप्प बसावं, तर चुकीचं कौतुक आपल्या नावावर जमा होतं आणि पुढचा माणूस ‘शुद्ध कॉफी’ वाचून येतो. दुरुस्ती करावी, तर इतकं प्रेमाने लिहिणारीला सगळ्यांसमोर चुकीचं ठरवल्यासारखं होतं. त्यांना भीती होती की बाई दुखावतील.

मला मात्र वाटतं, न मिळवलेलं कौतुक परत करणं हीच या उत्तरातली खरी अदब आहे. स्वतःबद्दल बढाई न मारता बोलायचं म्हणजे काय, तर खोटी विनम्रता दाखवायची असं नव्हे. ‘छे छे, आम्ही कसले, सगळी तुमचीच कृपा’ असं म्हणण्याने ग्राहकाची जीभच खोटी ठरते. तिला कॉफी आवडली आहे, तिचा तो अनुभव आपण नाकारायचं कारण नाही. जे तिला आवडलं ते आवडलं म्हणून घ्यायचं, जे आपलं नाही ते आपलं नाही म्हणून सांगायचं. अशी एखादी दुरुस्ती कौतुकाखाली असली, की अनोळखी वाचणाऱ्याला मालकाच्या बाकीच्या शब्दांवरही भरवसा ठेवता येतो, कारण स्वतःच्या फायद्याची चूक त्याने स्वतःहून सुधारलेली असते. दुरुस्ती कशी करायची, तर ‘तुमचा गैरसमज झाला आहे’ असं ग्राहकाकडे बोट न दाखवता, आपल्या पावडरीत काय आहे ते सरळ सांगून.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलेलं उत्तर असं होतं:

‘नमस्कार. शनिवारी दुपारी कॅफे भरलेला असतो, तरी बाबांना निवांत बसता आलं हे वाचून बरं वाटलं. टेबल मोकळं करून द्यायला त्या मुलाला कुणी सांगितलं नव्हतं, ते त्याचं त्याने केलं. तुमचे शब्द त्याला वाचून दाखवले. कॉफीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी: आमच्या पावडरीत 85 टक्के कॉफी आणि 15 टक्के चिकोरी असते, तुम्हाला आवडलेला दाटपणा काही अंशी तिचा आहे. बिनचिकोरीची हवी असेल तर काउंटरवर सांगा, तीही करून देतो. ती थोडी पातळ असते. पायऱ्यांची अडचण खरी आहे. इमारतीच्या मागून, पार्किंगमधून, एकही पायरी न चढता आत येता येतं. आल्यावर फोन केलात तर ते दार उघडतो. आल्याचा केक शनिवारी-रविवारीच असतो आणि बहुधा चारपर्यंत संपतो. बाबांना नमस्कार सांगा.’

यात ‘सर्वोत्तम’ हा शब्द नाही. ‘पुण्यात दुसरीकडे कुठेच नाही’ या वाक्याला बाईंनी होकारही दिला नाही आणि नकारही. ते मत ग्राहकाचं, ते रिव्ह्यूत वर लिहिलेलंच आहे. मालकाने ते पुन्हा उच्चारलं की त्याची किंमत कमी होते. समोरच्या मोठ्या कॅफेबद्दलच्या वाक्यालाही त्यांनी हात लावला नाही. पहिल्या मसुद्यातही तो नव्हता, हे त्यांचं श्रेय. एखाद्या ग्राहकाने आपली स्तुती करताना शेजाऱ्याला टोला मारला, तर त्या टोल्यावर साधं ‘धन्यवाद’सुद्धा जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते. म्हणूनच उत्तराची सुरुवात सरसकट आभाराने न करता एका नेमक्या गोष्टीपासून, बाबांना निवांत बसता आलं यापासून केली. सगळ्या रिव्ह्यूबद्दल आभार मानले असते तर शेजाऱ्याची निंदाही त्यात आली असती. समोरच्या कॅफेतली माणसंही हे पान वाचतात, आणि दूध संपलं की दोन्ही दुकानं एकमेकांकडेच पिशवी मागायला जातात.

काउंटरवरच्या मुलाबद्दलचं वाक्य बघा. त्याची स्तुती मालकिणीने आपल्या प्रशिक्षणाच्या खात्यात घातली नाही. ‘आमचा स्टाफ उत्तम प्रशिक्षित आहे’ असं लिहिणं सोपं होतं, पण त्या दिवशी ते काम त्या मुलाने स्वतःच्या मनाने केलं होतं. त्याचं नाव लिहावं का, असा प्रश्न आला. ग्राहकाने नाव लिहिलं असेल तर मालकाने घ्यायला हरकत नसते. नसेल लिहिलं तर आधी त्या माणसाला विचारावं. या मुलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “नाव नको ताई, घरी सांगेन मी.” म्हणून ‘त्या मुलाने’ एवढंच राहिलं. शब्द वाचून दाखवले हे वाक्य मात्र खरं होतं, आणि ते खरं असणं आवश्यक होतं. अनेक उत्तरांत ‘तुमचा निरोप टीमपर्यंत पोहोचवला आहे’ असं लिहिलेलं असतं आणि टीमला त्याचा पत्ता नसतो. निरोप आधी पोहोचवावा, मग लिहावं.

बाबांच्या तब्येतीचा उल्लेख गेला, पण बाबा उत्तरातून गेले नाहीत. ग्राहक बाईंनी बाबांबद्दल स्वतः लिहिलं होतं, म्हणून त्यांना नमस्कार सांगणं योग्यच होतं. ‘काका’ हा शब्द मालकिणीने काढून ‘बाबा’ केला, ग्राहकाने वापरला तोच. ‘ताई’ही काढलं. काउंटरवर ताई, काका, मावशी म्हणणं आपल्याकडे स्वाभाविक आहे, पण लिहिलेल्या उत्तरात ते कधीकधी जास्त लगट केल्यासारखं वाटतं, आणि रिव्ह्यूवरच्या नावावरून वय किंवा माणूस दरवेळी ओळखता येतोच असं नाही. ‘नमस्कार’ आणि ‘तुम्ही’ एवढ्याने भागतं. रिव्ह्यू इंग्रजी किंवा हिंदीत असेल तर त्याच भाषेत उत्तर द्यावं, रोमन लिपीतली मराठी असेल तर देवनागरीत दिलेलं उत्तरही वाचणाऱ्याला कळतं.

लांबीबद्दल म्हणायचं तर हे उत्तर या प्रकारात थोडं मोठंच आहे. ते मोठं झालं कारण रिव्ह्यूत उत्तर देण्याजोग्या तीन गोष्टी होत्या: कॉफी, पायऱ्या, केक. ‘छान जागा, परत येऊ’ एवढ्या रिव्ह्यूला चार ओळींचं उत्तर दिलं की ते भरीचं होतं. तिथे ‘बरं वाटलं वाचून. या पुन्हा’ पुरेसं. नुसते स्टार असतील, शब्द एकही नसेल, तर काहीच लिहिलं नाही तरी चालतं. लिहायला काही नसताना लिहिलेलं उत्तर छापीलच होतं. त्या सोमवारी कॅफे बंद ठेवतात आणि आठवड्याचे रिव्ह्यू तेव्हा बसून वाचतात. प्रत्येकाला उत्तर देत नाहीत. ज्यात ग्राहकाने एखादी गोष्ट पाहून लिहिली आहे, त्यालाच देतात. यामुळे उत्तर काही दिवस उशिरा जातं, पण ते ताजं असणं जितकं महत्त्वाचं तितकंच ते वाचून लिहिलेलं असणं.

काही कौतुकांना उत्तर देऊच नये, असंही आहे. मालकाच्या मावसभावाने, पुरवठादाराने किंवा काम करणाऱ्यानेच पाच स्टार देऊन लिहिलेला मजकूर ओळखू येतो. त्यात पदार्थाचं नाव नसतं, वार-वेळ नसते, अडचण तर नसतेच. सगळं ‘अप्रतिम’ आणि ‘नक्की भेट द्या’ असतं, आणि एकाच संध्याकाळी तसे पाचसहा आलेले असतात. त्याखाली मालकाने आभार मानले की तो त्या बनावात सामील होतो. ज्याने लिहिलं त्याला फोन करून काढायला सांगणं हाच मार्ग. ग्राहकांच्या ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्यूरोने 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक आणलं, ते आणलं तेव्हा ऐच्छिक होतं आणि मुख्यतः रिव्ह्यू गोळा करून प्रसिद्ध करणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. छोट्या कॅफेवाल्याला त्याचा थेट जाच नाही. पण खोट्या रिव्ह्यूंचा प्रश्न सरकारी मानकापर्यंत पोहोचलाय, म्हणजे वाचणारेही आता संशयाने वाचतात, एवढं त्यावरून समजून घ्यावं.

ग्राहक बाई दुखावल्या का? दोन दिवसांनी त्यांनी आपल्या रिव्ह्यूतला ‘चिकोरी वगैरे भानगड नाही’ हा भाग बदलला आणि तिथे लिहिलं, ‘पंधरा टक्के चिकोरी असते असं कळलं, तरी आवडली’. पुढच्या शनिवारी बाबांना घेऊन त्या पार्किंगच्या दाराने आल्या. रिव्ह्यू लिहिणाऱ्याला आपला मजकूर नंतर बदलता येतो, तसं मालकालाही आपलं उत्तर बदलता येतं, आणि हे फार कमी मालकांच्या ध्यानात असतं. उन्हाळ्यात सोसायटीने पार्किंगच्या फरशीचं काम काढलं आणि मागचं दार महिनाभर बंद राहिलं. तेव्हा बाईंनी जुनं उत्तर उघडून त्यात एक ओळ घातली: मागचं दार कामामुळे बंद आहे, पायऱ्या चढायला मदत लागणार असेल तर खालून फोन करा, कुणीतरी येईल. काम संपल्यावर ती ओळ त्यांनी काढून टाकली. केकचं पीठ आता त्या दुप्पट मळतात, म्हणून ‘चारपर्यंत संपतो’च्या जागी ‘सहापर्यंत’ आलं आहे.